तेरा चार्जर आणि दोन रात्री

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून मे महिन्याच्या शेवटी माझ्या दुकानात एका सकाळी नऊ चार्जर आले. घेऊन आली ती गावातली आशाताई. तिचा स्वतःचा एक होता, बाकीचे शेजारपाजारचे. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे एकत्र भरलेले, आणि पिशवी उघडताच जळक्या वासाचा भपका आला.

"रात्री वीज पडली ना भाऊ. आमच्या गल्लीतले समद्यांचेच गेले."

मी अठरा वर्षं मोबाईल आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतो आहे. वीज पडली असं सांगत गिऱ्हाईक येतं, तेव्हा मी मान डोलावतो आणि वस्तू आधी उघडतो. चार्जर दुरुस्त करायला सहसा परवडत नाही. दीड-दोनशेत नवा मिळतो. पण तो कशानं मेला हे आतून कळतं, आणि ते कळलं तर पुढचा वाचवता येतो. नऊ एकदम गेले होते म्हणून सगळे उघडले.

आत दिसलं ते असं. मेनच्या बाजूला वीज साठवणारा जो मोठा कपॅसिटर असतो, त्याचं डोकं नवापैकी सात चार्जरमध्ये फुगून फाटलं होतं. आतला ओलसर कागद बाहेर आला होता आणि वास त्याचाच होता. फ्यूजच्या जागी बसवलेला छोटा रेझिस्टर जळाला होता, पण शांतपणे जळाला होता. काळी फवारणी नाही, तुटलेले ट्रॅक नाहीत, आयसीला खड्डा नाही. उरलेल्या दोघांत कपॅसिटर नुसता फुगला होता, फाटला नव्हता. हे विजेचं काम नव्हतं. वीज आली की ती ठोसा मारून निघून जाते, तिला कपॅसिटर उकळत बसायला वेळ नसतो. इथं कोणीतरी चार्जरला बराच वेळ शिजवलं होतं.

मी आशाताईला विचारलं, तेव्हा गल्लीत बल्ब कसे जळत होते?

"लई फुल जळत होते बाप्पा. पंखा तर विमानासारखा फिरून राहिला होता. मग एकेक फट् फट् करत गेले."

"आणि समोरच्या ओळीत?"

ती जरा थांबली. "त्यायच्याकडे तर लाईट डिम होती. कूलर बंद पडले म्हणत होते."

एका ओळीत लख्ख आणि समोरच्या ओळीत मंद, तेही एकाच वेळी. एवढं ऐकलं की मल्टीमीटर काढायची गरज उरत नाही. न्यूट्रल, म्हणजे दोन्ही ओळींचा करंट परत नेणारी सामाईक तार, तुटला होता.

दुपारी मी गावात गेलो, कारण आशाताईच्या घरी आमची जुनी ओळख आहे आणि मला खात्री करून घ्यायची होती. गल्लीच्या एका अंगाला मारुतीच्या देवळाकडची घरं आहेत, स्लॅबची, कूलर-फ्रिजवाली. दुसऱ्या अंगाला नाल्याकडची ओळ, टिनाची घरं, दोन बल्ब, एक पंखा, एक-दोन मोबाईल. डीपीवरून या गल्लीत दोन फेज आणि एक न्यूट्रल अशा तीन तारा येतात. देवळाकडची ओळ एका फेजवर, नाल्याकडची दुसऱ्या फेजवर. आदल्या संध्याकाळी वारं सुटलं होतं, दूर आकाशात विजा चमकत होत्या, पाऊस नव्हता. वाऱ्यानं खांबावरचा न्यूट्रलचा जंपर, म्हणजे जोडणीचा तुकडा, निसटला होता. सकाळी लाईनमन येऊन बांधून गेला होता. नाल्याकडच्या घरात मी मीटर लावला तेव्हा २२८ व्होल्ट दाखवले, अगदी सरळ. म्हणून तर लोकांना पटत नव्हतं की दोष तारेत होता.

आता नेमकं झालं काय, ते आकड्यांत सांगतो. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मध्ये ४०० असतात. न्यूट्रल जाग्यावर आहे तोवर प्रत्येक ओळ आपापले २३० घेते आणि शेजाऱ्याशी तिचं घेणं-देणं नसतं. न्यूट्रल तुटला की दोन्ही ओळी एकामागे एक अशा ४०० व्होल्टच्या मध्ये अडकतात आणि ते ४०० आपसांत वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. ज्या ओळीवर लोड जास्त तिला व्होल्टेज कमी, जिच्यावर लोड कमी तिला जास्त.

देवळाकडे कूलर, फ्रिज धरून साधारण २६०० वॅट चालू होते असं समजा. त्याचा रोध येतो २० ओहम. नाल्याकडे बल्ब, पंखे, चार्जर मिळून साडेसहाशे वॅट, म्हणजे ८० ओहम. दोन्ही मिळून १००. त्यातून ४०० व्होल्टला ४ अँपिअर वाहतात. मग देवळाकडे पडतात ८० व्होल्ट आणि नाल्याकडे ३२०. प्रत्यक्षात पंखा, फ्रिज, चार्जर हे असे साध्या रोधासारखे वागत नाहीत, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दिशा हीच. पुढची गोष्ट आणखी वाईट. नाल्याकडचे बल्ब उडाले की तिथलं लोड कमी होतं आणि उरलेल्यांवर व्होल्टेज अजून वाढतं. निम्मं लोड गेलं तर ३५५ च्या पुढे. "एकेक फट् फट् करत गेले" याचा अर्थ हा. प्रत्येक मेलेला बल्ब शेजारच्या चार्जरचा गळा आवळून जातो.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं आणि बरा चार्जर २६४ पर्यंत सहज सहन करतो. आतला कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो. हे ४०० डीसी आहेत. मेनचा २३० हा सरासरीसारखा आकडा असतो, लाटेचं टोक त्याच्या १.४१ पट म्हणजे ३२५ ला जातं आणि कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरतो. २६४ ला ३७३, अजून बसतो. ३२० ला टोक ४५० च्या वर गेलं. ४०० च्या कपॅसिटरमध्ये मग आतून वाफ धरते आणि डोकं फुटतं. चांगल्या कंपनीचा असो की ठेल्यावरचा, दोघांची गत एकच, चांगला फार तर काही मिनिटं जास्त तग धरतो. पण एक गोष्ट मला दिसली. चार्जरनं मरताना फोन वाचवला होता. नऊपैकी एकाही घरातला फोन गेला नव्हता. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर मेनची बाजू आणि फोनची बाजू वेगळी ठेवतो, आणि त्या रात्री तेवढं पुरलं.

देवळाकडचे चार्जर, ज्यांना ८० व्होल्ट मिळत होते, ते फक्त चार्जिंग सोडून बसले होते. न्यूट्रल जोडल्यावर सगळे चालू झाले. कमी व्होल्टेजनं चार्जर मरत नाही हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. ओलिताच्या दिवसांत ऑटो स्विच लावलेल्या मोटारी लाईट येताच एकदम उठतात, आणि जिथं मोटारी आणि घरं एकाच डीपीवर आहेत तिथं व्होल्टेज १५० ला येतं. तेव्हा टीव्ही रडतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर घुं घुं करून तापतो, पण चार्जर आपला करंट थोडा जास्त ओढून काम करत राहतो. डिम लाईटपासून चार्जर वाचवायचा म्हणून कोणी स्टॅबिलायझर घेत असेल, तर तो पैसा वाया आहे.

त्या गल्लीत एका घरी, नाल्याकडेच, सर्ज प्लगवाला एक्स्टेन्शन बोर्ड होता. घरमालक मास्तर आहेत. ते मला जरा रागानेच बोर्ड दाखवायला घेऊन आले. "हे पहा, साडेचारशेला घेतला. विजेपासून संरक्षण म्हणून लिहिलंय. चार्जर तर गेलाच, बोर्डही वितळला."

बोर्ड उघडला. आत निळ्या बटणासारखी चपटी एमओव्ही होती, जळून दुभंगलेली. सर्ज प्लगमध्ये खरं काम करणारा भाग हाच. साधारण व्होल्टेजला ही चकती झोपलेली असते, ठराविक व्होल्टेजच्या वर टोक गेलं की जागी होऊन जादा करंट स्वतःतून वाहून नेते. अंगावर ४३१ असा आकडा होता, म्हणजे ती सुमारे ४३० व्होल्टला जागी होते. ३२० च्या लाटेचं टोक ४५० च्या वर जातं, हे वर आलंच. म्हणजे त्या रात्री मास्तरांची एमओव्ही दर सेकंदाला शंभर वेळा जागी होत होती, आणि ती बनवलेली आहे वर्षातून काही वेळा मायक्रोसेकंदांसाठी जागी होण्यासाठी. ती तापली, जळाली, आणि तिच्या शेजारचा उष्णतेचा फ्यूज सुटला. इथवर ठीक. पण स्वस्तातल्या बोर्डांची मेख अशी, की तो फ्यूज फक्त एमओव्हीला वेगळं करतो. सॉकेटला मेन तसाच चालू राहतो. बोर्डवरचा छोटा दिवा विझला आणि चार्जर पुढे उघड्यावर शिजत राहिला. दिवा विझलेला दिसला म्हणजे सर्ज प्लग आता साधा बोर्ड झाला, एवढं तरी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं.

मास्तरांना मी सांगितलं की तुमचा बोर्ड खोटा नव्हता, रोग वेगळा होता. ते हसले नाहीत.

या पहिल्या रात्रीवर औषध म्हणजे मेन बोर्डात बसणारा व्होल्टेज कट-ऑफ. एमसीबीसारखा बोर्डातल्या पत्र्याच्या रेलवर बसतो, समोर आकडा दिसतो. २७० च्या वर गेलं की रिले सोडतो, आणि व्होल्टेज जाग्यावर आल्यावर काही सेकंद थांबून पुन्हा जोडतो. त्याला सुटायला सेकंदाचा काही भाग लागतो आणि कपॅसिटर शिजायला त्याहून कितीतरी जास्त. म्हणून तो इथं जिंकतो. मास्तरांनी तो बसवला. देवळाकडच्या किराणावाल्या काकांनी मात्र माझं ऐकलं नाही. त्यांनी शहरातून स्टॅबिलायझर आणला आणि त्याच्याच मागे चार सॉकेटचा बोर्ड लावून घरातले सगळे चार्जर त्यावर घेतले. "आता येऊ दे वीज," म्हणाले.

ती आली. मृगाच्या पहिल्या पावसात, पंधरा-सोळा दिवसांनी, रात्री दहाच्या सुमारास. या वेळी चमक आणि कडकडाट यांच्यात मोजायला सेकंदही मिळाला नाही असं सगळे सांगत होते. प्रकाशानंतर आवाज तीन सेकंदांनी आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर असते. इथं ती गल्लीच्या डोक्यावरच होती. थेट खांबावर पडली की शेजारच्या पळसावर, ते मला सांगता येणार नाही. पण थेट पडायची गरजही नसते. तारेजवळून एवढा करंट गेला की तारेत हजारो व्होल्ट उठतात.

दुसऱ्या दिवशी चार चार्जर आले. एक काकांचा, तीन नाल्याकडच्या दोन घरांतले, जिथं कसलंच संरक्षण नव्हतं. उघडताच फरक दिसला. एकाही कपॅसिटरचं डोकं फुगलेलं नव्हतं. फ्यूज रेझिस्टरचे तुकडे झाले होते आणि डबीच्या आतल्या भिंतीवर काजळीची फवारणी होती. आयसीवर मोहरीएवढा खड्डा. एकात तर पट्टीवरचा तांब्याचा ट्रॅकच उडून गेला होता. हा ठोसा होता, शिजणं नव्हतं. आणि त्यातला एक चार्जर शंभर रुपयांचा, नाव नसलेला, आतल्या दोन बाजूंमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर अंतर ठेवलेला. त्यातून ठिणगी पार पलीकडे गेली आणि फोनचा चार्जिंग आयसीही गेला. हा एवढा एक फोन.

काकांचा स्टॅबिलायझर त्यांच्या चार्जरसकट मेला होता. ते मनापासून दुखावले होते. त्यांना मी टेबलावर समजावलं. स्टॅबिलायझर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याचे टप्पे बदलणारे दोन-तीन रिले. आत येणारं व्होल्टेज मोजायचं, कमी वाटलं तर वरचा टप्पा, जास्त वाटलं तर खालचा. रिलेचा पत्रा हलायलाच दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहा हजार मायक्रोसेकंद. विजेचा सर्ज एका-दोन मायक्रोसेकंदांत चढतो आणि पन्नासेक मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. रिलेनं मान वळवेपर्यंत तो दोनशे वेळा येऊन गेलेला असतो. म्हणून स्टॅबिलायझर विजेला दार उघडून देतो असंच म्हणायचं. त्याच्या आतला छोटा बोर्ड तर सगळ्यात आधी बळी जातो. स्टॅबिलायझर वाईट नाही. फ्रिजला, कूलरला, पिठाच्या गिरणीच्या घरातल्या मोठ्या टीव्हीला तो हवा. चार्जरला त्याची गरज पहिल्या रात्रीही नव्हती, दुसऱ्या रात्रीही.

मास्तरांनी या वेळी नवा सर्ज प्लग लावला होता, आधीच्याच जातीचा. त्यांचा चार्जर वाचला. प्लगचं हे खरं कामाचं मैदान. ती निळी चकती मायक्रोसेकंदात जागी झाली आणि तारेतले हजारो व्होल्ट सातशे-आठशेच्या आसपास दाबून धरले. शून्य करत नाही ती. उरलेलं चार्जरला स्वतः झेलावं लागतं, आणि बरा चार्जर ते क्षणभर झेलतो. पण त्यांच्याच घरात, त्याच प्लगवर लावलेला डिश टीव्हीचा सेट टॉप बॉक्स गेला. मास्तरांचा चेहरा पुन्हा उतरला.

कारण शोधायला मी त्यांच्याबरोबर गावात गेलो, सोबत ओळखीचा वायरमन घेतला. सर्ज प्लगमध्ये चांगल्या जातीत तीन चकत्या असतात. एक फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये, दुसरी फेज आणि अर्थच्या मध्ये, तिसरी न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये. वीज जवळ पडली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्रच जमिनीच्या वर उचलल्या जातात. त्या दोघींत फरक थोडा, पण दोघी आणि जमीन यांच्यात प्रचंड. टेबलावर ठेवलेल्या फोनला जमीन कुठेच लागत नसते, म्हणून त्याला ते फारसं कळत नाही. सेट टॉप बॉक्सला मात्र छतावरच्या छत्रीची तार लागते, आणि ती छत्री लोखंडी खांबावर भिंतीला बांधलेली. मेनमधून आलेला धक्का बॉक्समधून त्या तारेनं बाहेर पडला. अर्थच्या दोन चकत्यांनी त्याला आधीच जमिनीत सोडायला हवं होतं, पण त्यांच्या मागे अर्थच नव्हता.

"अर्थ आहे ना," मास्तर म्हणाले, "मी स्वतः मीटर लावून पाहिलाय. फेज ते अर्थ २२५ दाखवते."

इथं जवळजवळ सगळे फसतात. मल्टीमीटर इतका कमी करंट ओढतो की गंजलेल्या, सुकलेल्या अर्थलाही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. वायरमननं फेज आणि अर्थच्या मध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावला. बल्ब विडीच्या टोकासारखा लाल झाला आणि तिथंच राहिला. म्हणजे जमिनीत जायची वाट इतकी अरुंद की शंभर वॅटचा अर्धा अँपिअरही धड जाईना, तिथं विजेचे शेकडो-हजारो अँपिअर कुठून जाणार. ही चाचणी घरी कोणी करू नये. बल्ब लागला असताना घरातल्या सगळ्या अर्थच्या तारा आणि फ्रिजचा पत्रा जिवंत असतो.

खड्डा पाहिला. दीड फूट खोलीवर पातळ लोखंडी सळई, काळ्या मातीत. आपली काळी माती पावसाळ्यात अर्थसाठी उत्तम असते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळई त्या भेगेत हवेत लटकते. पहिल्या पावसाच्या वेळी, म्हणजे विजा सर्वात जास्त असतात तेव्हाच, अर्थ सर्वात कोरडा असतो. नवा अर्थ केला तो न्हाणीच्या पाण्याजवळ, दोन मीटर खोल तांब्याचा मुलामा दिलेली सळई ठोकून. मग तोच बल्ब जवळजवळ पूर्ण पेटला.

गावात या अडचणीवर एक तोडगा चालतो, आणि तो मी सांगतो तो फक्त तो करू नये म्हणून. अर्थ नाही म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थची पिन एका तुकड्यानं जोडतात. प्लगचा दिवा हिरवा होतो, मालक खूश. आता पहिली रात्र आठवा. न्यूट्रल तुटला की ती न्यूट्रलची तार शंभर-दीडशे व्होल्टवर तरंगते, आणि तो तुकडा ते व्होल्ट थेट फ्रिजच्या दाराच्या मुठीवर आणून ठेवतो. नाल्याकडच्या एका घरात मला असा तुकडा सापडला. वायरमननं तो काढला, आणि घरातल्या आजीला वाटलं आम्ही काहीतरी चोरून नेलं.

मग गल्लीनं काय करावं, असं सगळ्यांनी विचारलं. ज्याच्या घरात दोन बल्ब आणि एक फोन आहे, त्याला मी काहीच घ्यायला सांगितलं नाही. ढग गडगडू लागले की चार्जर सॉकेटमधून उपसायचा. नुसता बटण बंद करून चालत नाही, कारण बटणाच्या दोन पत्र्यांतलं अंतर काही मिलिमीटरच असतं आणि ते एकाच तारेला तोडतं. उपसलेल्या चार्जरचं वीज काही करू शकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं दामिनी नावाचं ॲप आहे, ते आजूबाजूला पडणाऱ्या विजा दाखवतं. आशाताईच्या फोनमध्ये ते टाकून दिलं. आता त्यात जवळ विजा दिसल्या की ती शेजारी आवाज देत जाते.

मास्तर आणि काका यांच्यासारख्या घरांना मेन बोर्डात व्होल्टेज कट-ऑफ आणि त्याच्याच शेजारी रेलवरचा मोठा सर्ज अरेस्टर, आणि त्याची अर्थची तार आखूड. हे आखूड महत्त्वाचं. विजेच्या वेगानं करंट चढताना एक मीटर साध्या तारेवरही हजार व्होल्ट पडू शकतात. चार मीटर वळणं घेत गेलेली अर्थची तार म्हणजे अरेस्टरच्या डोक्यावर चार हजारांचं ओझं. एवढं सगळं करूनही घरावर थेट वीज पडली तर काही वाचेल असं मी कोणाला लिहून देणार नाही.

कट-ऑफचं मात्र पुढं वेगळंच झालं. ऑक्टोबरात ओलित सुरू झालं आणि मास्तरांची बायको दुकानात आली.

"ते यंत्र काढून टाका भाऊ. रोज संध्याकाळी सैपाकाच्या वेळेला लाईट बंद करते."

यंत्राची खालची मर्यादा कारखान्यातून १७० ला लावलेली होती, आणि संध्याकाळी गावातलं व्होल्टेज १६० ला येत होतं. चार्जरला, बल्बला त्याची काही तक्रार नसते. मी खालची मर्यादा १३० ला आणली, वरची २७० तशीच ठेवली. फ्रिजला मात्र १३० चालत नाही, म्हणून काकांकडे धूळ खात पडलेला तो स्टॅबिलायझर मी नवा बोर्ड घालून दुरुस्त केला आणि मास्तरांनी तो फ्रिजसाठी अर्ध्या किमतीत घेतला.